पाणी जाऊ द्या, माती थांबवा

(जलसंपदा विभागातून निवृत्त होणाऱ्या एका मुख्य अभियंत्याचे निरोपाचे भाषण)

मित्रहो, आणि मित्रांच्या घरून आलेल्या मंडळींनो,

माझ्याबद्दल आत्ता जे बोललं गेलं त्यातलं निम्मं जरी खरं असतं, तरी मला अधीक्षक अभियंता व्हायला एवढी वर्षं लागली नसती. ते असो. निरोपाच्या भाषणात आठवणी सांगायच्या आणि आभार मानायचे, अशी रीत आहे. मीही आभारच मानणार आहे, पण नुसतं ‘सर्वांनी सहकार्य केलं’ म्हणून नाही. कोणी नेमकं काय केलं आणि त्याने काय वाचलं, हे सांगायचं आहे. आणि आज पहिल्यांदाच तुमच्या घरची माणसं इथे बसली आहेत. आपला माणूस पावसाळ्यात रात्री-बेरात्री धरणावर का जातो, दिवाळीत रब्बीचं आवर्तन सुटलं की फोन का उचलत नाही, हे त्यांना कधी कोणी सांगितलेलं नाही. त्यामुळे मी त्यांना समजेल असं बोलणार आहे. अभियंत्यांनी तेवढं सहन करावं.

पहिली गोष्ट घरच्या मंडळींसाठी. धरण गळतं. सगळी मातीची धरणं गळतात, आणि ती गळणार हे धरूनच बांधलेली असतात. देशातली सर्वाधिक मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत आणि त्यातली बहुतेक मातीची आहेत. कोयनेसारखी भिंत डोळ्यांपुढे आणू नका. जायकवाडी आठवा. पैठणला सुमारे 10 किलोमीटर लांबीचा भराव गोदावरीला अडवून उभा आहे. मधला सांडव्याचा भाग सोडला, तर ती माती आहे. मातीत पाणी शिरणार आणि शिरलेलं पाणी कुठून तरी बाहेर येणार. तेव्हा आमचं काम पाणी शंभर टक्के अडवण्याचं नसतंच. आत शिरलेल्या पाण्याला आम्ही ठरवलेल्या वाटेने, आमच्या नजरेसमोरून, एकटंच बाहेर यायला लावायचं. एकटंच म्हणजे माती बरोबर न घेता. माझी सगळी नोकरी या एका वाक्यात बसते.

मातीच्या धरणाचा मधला भाग चिकट, काळसर मातीचा असतो. आम्ही त्याला हार्टिंग म्हणतो, पुस्तकात त्याला गाभा म्हणतात. त्यातून पाणी जातं, पण फार सावकाश. गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरमाड मातीचं जाड आवरण असतं, ते केसिंग. गाभ्याखाली जमिनीत चर खणून कठीण थरापर्यंत तीच चिकट माती ठासलेली असते, म्हणजे पाणी पायाखालून सहज निसटत नाही. आणि गाभ्याच्या पाठीला, नदीच्या खालच्या अंगाला, वाळूची गाळणी असते. सर्वसामान्य माणसाला धरणाचा हा भाग कधीच दिसत नाही, कारण तो पोटात असतो. गाभ्यातून झिरपलेलं पाणी या वाळूत येतं, खाली उतरतं, पायथ्याच्या दगडी बांधातून बाहेर पडतं आणि पायथ्याच्या नालीतून एका छोट्या टाकीकडे जातं.

मी नोकरीला लागलो ते भरावाच्या कामावर. तेव्हा शिकलेली एक गोष्ट अजून कामाला येते. भराव किती घट्ट बसणार, हे रोलरपेक्षाही पाण्यावर अवलंबून असतं. माती फार कोरडी असेल तर कण एकमेकांवर सरकत नाहीत आणि मध्ये पोकळ्या राहतात. फार ओली असेल तर त्या पोकळ्या पाणीच अडवून बसतं. मधलं एक नेमकं प्रमाण असतं. प्रयोगशाळा ते काढून देते, पण ट्रक उभा असताना प्रयोगशाळा लांब असते. आमचे एक मिस्त्री मातीची मूठ वळायचे, ती फोडायचे आणि सांगायचे, ‘साहेब, अजून एक टँकर मारा.’ मग आम्ही नळकांडं ठोकून नमुना काढायचो, तोलायचो, वाळवायचो. मिस्त्रींचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघायचा. हातावर विसंबून बिल काढता येत नाही, म्हणून नमुने घ्यायचेच. पण नमुना कुठे घ्यायचा, हे मी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून ठरवायला शिकलो. ज्या जागेवर तो गप्प व्हायचा, तिथे आम्ही नळकांडं ठोकायचो.

आता पायथ्याच्या त्या छोट्या टाकीकडे येतो. टाकीच्या एका भिंतीत पत्र्याची पाटी असते आणि त्या पाटीला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. या खाचेतून पाणी पडतं. खाचेच्या टोकापासून पाण्याची पातळी किती वर आहे, ते पट्टीवर सेंटिमीटरमध्ये वाचायचं आणि वहीत लिहायचं. आमच्या भाषेत, व्ही नॉचचं रीडिंग. रोज तेच काम, पावसाळ्यात दिवसातून दोनदा. शाखेत नवीन आलेल्या अभियंत्याला वाटतं, यासाठी का आपण एवढं शिकलो?

तर या खाचेची एक खोड ऐका. खाच 90 अंशांची असेल आणि पाणी 10 सेंटिमीटर असेल, तर सेकंदाला साधारण 4.4 लिटर पाणी जात असतं. तेच पाणी 13 सेंटिमीटरवर गेलं तर प्रवाह 8.4 लिटर होतो. पट्टीवर फरक जेमतेम दोन बोटांचा आणि गळती जवळजवळ दुप्पट. म्हणजे ‘कालच्यासारखंच आहे’ असं टाकीपासून दहा पावलं लांब उभं राहून लिहिलं, तर वहीत दुप्पट गळती दडून राहू शकते. खाचेत पालापाचोळा अडकला, शेवाळ चढलं, तरी आकडा खोटा ठरतो. म्हणून रीडिंग घेण्याआधी खाच पुसायची आणि पाणी स्थिर होईपर्यंत थांबायचं.

आणि नुसता आकडा पुरत नाही. धरणात पाणी चढलं की गळती वाढणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाऊस झाला की भरावाच्या उतारावरचं पाणीही त्याच नालीत येतं आणि आकडा फुगतो. म्हणून वहीत तीन रकाने शेजारी शेजारी लागतात. धरणातली पातळी, पाऊस आणि खाचेतलं पाणी. पातळी तीच, पाऊस नाही आणि तरी खाचेतलं पाणी वाढतंय, असं दिसलं की समजायचं, आत काहीतरी बदललं आहे. या एका ओळीसाठी बाकीच्या शेकडो कंटाळवाण्या ओळी लिहाव्या लागतात.

आता ज्या मॅडमबद्दल मला बोलायचं आहे, त्या पुढच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी नाव घेऊ नका म्हणून सांगितलंय, म्हणून घेत नाही. धरणाचंही नाव घेत नाही. त्या तेव्हा शाखा अभियंता होत्या, नव्या. धरण पावसाळ्याच्या शेवटी पूर्ण भरलेलं होतं. पाऊस थांबून आठवडा उलटला होता, पातळी जागची हललेली नव्हती. आणि खाचेतलं पाणी 10 वरून हळूहळू 13 च्या घरात गेलं. त्यांनी फोन केला. मी विचारलं, ‘पाणी कसं आहे?’ कोणीही ‘स्वच्छ आहे सर’ असं उत्तर दिलं असतं, कारण ओंजळीत घेतलेलं पाणी स्वच्छच दिसतं. त्या म्हणाल्या, ‘सर, मी रोज एक बाटली भरून खिडकीत ठेवते. परवापर्यंतच्या बाटल्यांच्या तळाशी काही नव्हतं. कालच्या आणि आजच्या बाटलीत बारीक गाळ बसलाय.’

बाटल्या ठेवायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते कुठल्या परिपत्रकातही नव्हतं. दोन-अडीच तासांत मी तिथे पोहोचलो आणि त्या बाटल्या रांगेत लावलेल्या बघितल्या, तेव्हा मला आणखी काही विचारायची गरज उरली नाही.

घरच्या मंडळींना सांगतो, गाळाची एवढी भीती का. पाणी मातीचे कण बरोबर घेऊन बाहेर येऊ लागलं, की जिथून ते बाहेर पडतं तिथे एक लहानसं छिद्र होतं. छिद्रात पाण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की आणखी कण सुटतात आणि ते छिद्र धरणाच्या पोटात मागे मागे सरकत जातं. बाहेरून आत. ते तलावापर्यंत पोहोचलं, की मग माणसाच्या हातात काही राहत नाही. अमेरिकेत आयडाहो राज्यात टेटन नावाचं मातीचं धरण होतं, 90 मीटरहून उंच, पहिल्यांदाच भरत होतं. 1976 च्या जून महिन्यात 3 तारखेला खालच्या अंगाला झरे दिसले. पाणी स्वच्छ होतं. 5 तारखेला सकाळी सातच्या सुमारास गढूळ पाणी दिसलं. दुपारी बाराला तीन मिनिटं कमी असताना धरण फुटलं. गढूळ पाणी दिसल्यापासून पुरते पाच तासही मिळाले नाहीत. म्हणून सांगतो, स्वच्छ गळती वहीत लिहायची आणि गढूळ गळती फोनवर सांगायची, तीही ताबडतोब.

टेटनला त्या सकाळी लोक हातावर हात धरून बसले नव्हते. दोन बुलडोझर भोकात माती लोटत होते. ते दोन्ही बुलडोझर त्या भोकाने गिळले, चालक कसेबसे वाचले. ही गोष्ट मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगत आलो, कारण आमच्या त्या धरणावरही तेच घडू पाहत होतं. गावातले लोक जमले होते, ट्रॅक्टरमध्ये काळी माती भरून आणली होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पाणी येतंय ना, मग बुजवा. आणि मॅडम त्यांच्यासमोर उभ्या राहून नाही म्हणत होत्या. नवीन पोरगी, समोर दीड-दोनशे माणसं, त्यांच्या शेतीचा आणि जिवाचा प्रश्न. मी पोहोचेपर्यंत मातीची एक पाटीही त्यांनी तिथे पडू दिली नव्हती.

त्या बरोबर होत्या. बाहेरचं तोंड चिकट मातीने बुजवलं तर पाणी थांबत नाही. ते मागे तुंबतं, त्याचा दाब वाढतो आणि ते शेजारून दुसरं तोंड फोडतं, तेही आपण बघत नसू अशा ठिकाणी. करायचं ते उलट. पाण्याला बाहेर येऊ द्यायचं आणि फक्त मातीला आत अडवायचं. त्यासाठी आधी स्वच्छ भरड वाळूचा थर, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी आणि सगळ्यात वर दगडांचं वजन. याला आम्ही उलटी गाळणी म्हणतो. वाळूचे कण इतके बारीक हवेत की त्यांच्या फटींतून माती निसटू नये, आणि इतके भरड हवेत की पाणी अडू नये. याचं गणित कार्ल तेर्झागी यांनी घालून दिलं आहे. ढोबळ मानाने, वाळूतल्या बारीक कणांचा आकार हा थोपवायच्या मातीतल्या मोठ्या कणांच्या चार-पाच पटींपेक्षा जास्त नको. आमच्याकडे चाळण्या होत्या, जवळच्या साठ्यातली वाळू चाळून बघितली आणि लागली तशी निवडली. ट्रॅक्टर त्याच गावकऱ्यांचे वापरले. काळी माती उतरवून त्यांनी वाळू आणि खडी वाहिली. रात्रभर काम चाललं. सकाळी खाचेतलं पाणी कमी झालेलं नव्हतं. ते तेवढंच होतं. पण बाटलीचा तळ स्वच्छ होता. गावचे सरपंच म्हणाले, ‘साहेब, एवढं करून पाणी तर तसंच येतंय.’ मी म्हणालो, ‘येऊ द्या.’

दुसऱ्या बाजूने धरणातली पातळी उतरवायला घेतली होती, आणि तिथे आमच्यातच वाद झाला. वरिष्ठांचे फोन येत होते, सगळं पाणी लगेच सोडून द्या. ऐकायला सोपं वाटतं. पण भरलेल्या धरणात पाण्याकडच्या उताराची माती भिजलेली असते आणि तलावाचं पाणीच तिला बाहेरून रेटून धरत असतं. पाणी झपाट्याने उतरवलं तर तो रेटा निघून जातो, मातीच्या पोटातलं पाणी मात्र तेवढ्या वेगाने निघत नाही. ओल्या मातीचा जड उतार आधाराविना उभा राहतो आणि तलावाच्या बाजूला घसरतो. म्हणजे मागची गळती थांबवायला जावं आणि पुढचा उतार गमवावा. दिवसाला किती पाणी उतरवायचं, याची मर्यादा संकल्पनातच ठरलेली असते. गळती आटोक्यात आली होती, म्हणून आम्ही त्या मर्यादेत राहिलो. ती आली नसती तर मर्यादा मोडावी लागली असती. हा निर्णय कागदावर कोणी लिहून देत नाही. माझी सही होती, पण तासातासाला बाटली आणि आकडा घेऊन येणारी माणसं नसती, तर मी कशाच्या जोरावर ‘हळू उतरवा’ म्हणालो असतो?

पुण्याच्या मंडळींना यात 12 जुलै 1961 ऐकू येत असेल. पानशेतचं काम तेव्हा पुरतं संपलेलं नव्हतं आणि पावसाने धरण भरत आलं. विमोचकावरचा, म्हणजे पाणी सोडायच्या बोगद्यावरचा भराव खचू लागला आणि आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती टाकून तो धरून ठेवला. त्यामुळे जे काही तास मिळाले, त्यांचं मोल मोठं होतं. सकाळी धरण फुटलं, त्याच पाण्याने खाली खडकवासलाही फोडलं आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. त्यानंतरच्या प्रत्येक पिढीला भरावातून जाणाऱ्या विमोचकाची धास्ती शिकवली गेली. माती आणि दगडी बांधकाम जिथे एकमेकांना भिडतात, ती सांध्याची जागा पाण्याला आवडते. रोलर तिथे नीट पोहोचत नाही, हाताने ठोकावं लागतं. तुमच्यापैकी जे अजून बांधकामावर आहेत, त्यांनी दिवसातला जास्त वेळ त्या सांध्याजवळ उभं राहावं.

धरणावर मी पुष्कळ बोललो. पण माझी निम्मी नोकरी कालव्यांवर गेली आणि कालव्याला कोणी हार घालत नाही. धरण बघायला सहल जाते, कालवा बघायला कोण जातं? जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटर लांब आहे. पाणी सेकंदाला 0.7 मीटर वेगाने चालतं असं धरलं, तर या टोकाचं पाणी त्या टोकाला जायला साधारण साडेतीन दिवस लागतात, आणि तेही कालवा आधीपासून भरून वाहत असेल तर. कोरड्या कालव्यात आवर्तन सोडलं की आधी कालव्याचा तळ आणि काठ भिजतात, मग पाणी पुढे सरकतं. शेतकरी फोन करतो, ‘सोमवारी पाणी सोडलं म्हणता, आज शुक्रवार, आमच्या चारीला थेंब नाही.’ तो खोटं बोलत नसतो आणि आम्हीही खोटं बोलत नसतो.

मराठवाड्यातला कालवा म्हणजे काळ्या मातीतला कालवा. धरणाच्या गाभ्यात जी चिकट माती उपयोगी पडते, तिच्यातलाच एक फार फुगणारा प्रकार कालव्याच्या काठाला असला की वैरी होतो. पाणी मिळालं की ही माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर काँक्रीटचं अस्तर टाकलं, की ती त्याला आतून ढकलते. दोन-तीन आवर्तनांत तक्ते उचलले जातात, सांधे उघडतात, पाणी मागे जातं, माती आणखी फुगते.

यावर आय.आय.टी. मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काम केलं, आणि कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्यांवर ते वापरलं गेलं. त्यांनी सांगितलं की काळी माती आणि अस्तर यांच्यामध्ये चिकट असलेली, पण न फुगणारी माती घाला. आपल्याकडे योग्य जातीचा मुरूम त्या कामाला चालतो. थर साधारण मीटरभर, फुगण्याचा दाब जास्त असेल तर त्याहून जाड. नुसती वाळू घालून भागत नाही, तिला चिकटपणा नसतो आणि तिच्या आड काळी माती फुगायची ती फुगतेच. आता अडचण अशी, की ‘मुरूम’ म्हणून ठेकेदार जे आणून टाकतो ते सगळं मुरूम नसतं. पिवळसर दिसणारी मातीही फुगू शकते. डोळ्यांना फसवते.

इथे मला आपल्या प्रयोगशाळेतल्या सहायकांचे आभार मानायचे आहेत. त्यांची परीक्षा इतकी साधी आहे की आज घरी मुलांना दाखवता येईल. वाळवून चाळलेली 10 ग्रॅम माती काचेच्या एका नळीत, तेवढीच दुसऱ्या नळीत. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. दिवसभर ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. समजा, रॉकेलमधली माती 10 मिलिलिटरवर बसली आणि पाण्यातली 18 वर. म्हणजे फुगवटा 80 टक्के. अशी माती अस्तराखाली नको म्हणजे नको. खाण लांबची निघते, वाहतूक वाढते, अंदाजपत्रक वाढतं, ठेकेदार नाराज होतो आणि वर विचारणा होते, की जवळची खाण का नाकारली. तेव्हा माझ्या टेबलावर त्या दोन नळ्या आणून ठेवणारा एक सहायक होता. तो एक शब्द बोलला नव्हता. मी त्या नळ्या तशाच ठेकेदाराच्या पुढे सरकवल्या आणि चर्चा संपली.

कालव्याची दुसरी खोड पाणी बंद करताना कळते. ऊस जगला, आवर्तन संपलं, लगेच दरवाजे पाडा, कारण धरणातलं पाणी वाचवायचं आहे. दरवाजे एकदम पाडले, की कालवा काही तासांत उतरतो आणि अस्तराच्या मागे काठात मुरलेलं पाणी तिथेच राहतं. धरणाच्या उताराचं सांगितलं ना, तेच. पुढचा रेटा गेला, मागचा दाब राहिला. अस्तर आतल्या बाजूला पडतं. दुसऱ्या दिवशी पाहणीला गेलं की ताटल्या मांडाव्यात तसे काँक्रीटचे तक्ते कालव्याच्या तळाशी पडलेले दिसतात आणि सगळे म्हणतात, काम निकृष्ट होतं. कधी ते निकृष्ट असतंही. पण चांगल्या कामालाही झटपट बंद केलेला दरवाजा पाडू शकतो. दरवाजा टप्प्याटप्प्याने पाडा, प्रत्येक टप्प्यानंतर पाणी स्थिरावू द्या आणि अस्तरातल्या पाणी निघायच्या भोकांवर गाळ साचू देऊ नका. त्या भोकांतून पाणी येताना दिसलं तर ‘गळतंय’ म्हणून सिमेंटने बुजवणारे लोक मी पाहिले आहेत. ते गळायलाच ठेवलेलं असतं.

हे सगळं ज्यांच्या भरवशावर चालतं ते आमचे पाटकरी, कालवा चौकीदार आणि कालवा निरीक्षक. त्यांच्यातले बरेच जण आज आलेले नाहीत, कारण आवर्तन चालू आहे आणि आम्हीच त्यांना सुटी दिलेली नाही. पाटकरी रोज आपल्या हद्दीत कालव्याच्या काठाने चालतो. काठाच्या बाहेरच्या अंगाला गवत उन्हाळ्यातही हिरवं दिसलं, तर तिथे पाणी झिरपतंय, हे त्याला कळतं. खेकड्याची बिळं आणि घुशीचे उकीर कुठे आहेत, हे त्याला पाठ असतं. ओल्या पट्ट्यावर पाय दिला आणि तो दबला, की तो फोन करतो, ‘साहेब, इथं काठ नरम लागतोय.’ हे ‘नरम लागणं’ कोणत्याही यंत्राने मला त्याच्या आधी सांगितलेलं नाही. आता काठावर संवेदक बसतील, पाण्याची पातळी मोबाइलवर दिसेल, आणि ते बसलेच पाहिजेत. पण त्या निमित्ताने पाटकऱ्यांची पदं रिकामी ठेवली जात आहेत, ते मला पटत नाही. हे मी लेखी कळवलेलं आहे आणि निवृत्त होतानाही पुन्हा म्हणतो.

शेपटाच्या शेतकऱ्याला आधी पाणी, मग वरच्याला, ही आपली शेजपाळी. कागदावर न्याय्य आणि काठावर अवघड. वरच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोरून पाणी वाहत जातं आणि त्याची पाळी शेवटची. रात्री दार उचकटलं जातं, चारीत दगड पडतात. तेव्हा कालवा निरीक्षक एकटा, हातात बॅटरी आणि पाळीपत्रक घेऊन उभा असतो. त्यांच्यातल्या काहींना शिव्या मिळाल्या, काहींना मारही बसला. सभागृहात टाळ्या मिळवणारं काम त्यांनी कधीच केलं नाही. शेपटाला पाणी पोहोचलं की त्या गावात कोणी आभार मानत नाही, कारण ते त्यांच्या हक्काचंच असतं. म्हणून ते आभार मी मानतो.

यांत्रिकी विभागाच्या मंडळींना मी विसरलेलो नाही. सांडव्याचा दरवाजा वर्षातून फार थोडे दिवस लागतो. त्याचे दोर, गिअर आणि रबरी सील तुम्ही भर उन्हाळ्यात, कोणी बघत नसताना तपासता. पावसाळ्याआधी प्रत्येक दरवाजा एकदा प्रत्यक्ष उचलून बघायचा, फक्त ‘चालू स्थितीत’ असं लिहायचं नाही, हा आग्रह तुम्ही धरलात. वीज गेल्यावर जनित्र पहिल्या फटक्यात चालू झालं, तो पुराचा प्रसंग इथल्या अनेकांना आठवत असेल. तेव्हा मी फक्त आकडे वाचून दाखवत होतो. दरवाजे तुम्ही उचलले.

उद्या कार्यभार देतोय. नव्या साहेबांसाठी टिपण करून ठेवलं आहे, पण तीन गोष्टी सगळ्यांसमोर सांगतो, म्हणजे नंतर कोणी माहीत नव्हतं म्हणणार नाही. एक, दोन धरणांवरच्या खाचेच्या पाट्या गंजल्या आहेत, त्यांचे आकडे सध्या विश्वासाचे नाहीत. बदलण्याचा प्रस्ताव माझ्या सहीने गेला आहे, पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीआधी त्या बसल्या पाहिजेत. दुसरं, बाटली ठेवण्याची पद्धत मी सर्व शाखांना पत्राने कळवली आहे. बाटलीवर तारीख आणि धरणाची पातळी लिहा, नुसत्या बाटल्या भरून ठेवू नका. आणि तिसरं, चालू आवर्तन गुरुवारी संपतंय. दरवाजे पाडायला बुधवारी रात्रीपासून सुरुवात करा, टप्प्याटप्प्याने. वरून कितीही घाईचा फोन आला, तरी त्यांना माझा नंबर द्या.